सोने विरघळते कसे आणि खडकात बसते कसे?

आठवी-नववीच्या वर्गात आपण शिकवतो की, सोने आम्लराजाखेरीज सहसा कशात विरघळत नाही. एखादा चौकस विद्यार्थी मग विचारतो, ‘असे असेल तर जमिनीखाली खोलवर, खडकाच्या भेगेत सोने गेले कसे? ते तिथे कोणी ओतले?’ प्रश्न अगदी रास्त आहे. कारण सोन्याच्या खाणीत सोने सापडते ते बहुधा क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या शिरांमध्ये, आणि या शिरा पाण्यातून जमलेल्या असतात. तेव्हा सोने पाण्यात विरघळले असलेच पाहिजे.

उदाहरणादाखल आपण कर्नाटकातले कोलार घेऊ. तिथे १८८० नंतर आधुनिक पद्धतीने खाणकाम सुरू झाले आणि २००१ साली ते बंद पडले. या काळात तिथून ८०० टनांहून अधिक सोने निघाले. त्यातले बहुतेक ‘चॅम्पियन’ नावाच्या एकाच शिरेतले. ही शीर म्हणजे दोन खडकांच्या मध्ये उभा सरकवलेला क्वार्ट्झचा पत्रा. लांबी सुमारे आठ किलोमीटर, जाडी साधारण एक मीटर. खाणकामगार तिच्या मागोमाग तीन किलोमीटरहून अधिक खोल गेले. दोन्ही बाजूंचा काळपट खडक मूळचा बेसाल्ट आहे. तो सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा असून जमिनीच्या पोटात गाडला जाऊन, तापून आणि दाबला जाऊन बदलला आहे.

पाणी आले कुठून, हे आधी पाहू. मोरचूद परीक्षानळीत तापवले की त्यातले स्फटिकजल निघून जाते आणि निळा रंग उडतो, हा प्रयोग आपण सगळेच करून दाखवतो. समुद्राखाली पसरलेल्या बेसाल्टमध्येही पाणी असेच बांधले गेलेले असते. विशेषतः क्लोराइट नावाच्या हिरव्या खनिजात ते पुष्कळ असते. दोन भूखंड एकमेकांवर रेटले जाऊन डोंगररांगा उभ्या राहतात, तेव्हा हा बेसाल्ट खोल जातो. तापमान ५०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की क्लोराइट मोडते आणि पाणी सुटते. त्याच सुमारास पायराइट या खनिजातले काही गंधकही मोकळे होते आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो. हा आपल्या ओळखीचा वायू. किपच्या उपकरणातून निघणारा, सडक्या अंड्यांच्या वासाचा. सोन्याला पाण्यात धरून ठेवणारा तो हाच. गरम पाण्यात सोन्याचा एक आयन आणि हायड्रोजन सल्फाइडपासून आलेले दोन HS⁻ आयन मिळून Au(HS)₂⁻ असा संयुक्त आयन तयार होतो. आम्लराजात जे काम क्लोरिन करतो, ते इथे गंधक करतो. (काही ठिकाणी पाणी शिलारसातून आले असावे असेही काही भूवैज्ञानिक मानतात, तो वाद अजून मिटलेला नाही.)

हे द्रावण मात्र फारच पातळ असते. एका लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम सोने खाली बसले असे धरून आपण फळ्यावर गणित मांडू. ८०० टन म्हणजे ८० कोटी ग्रॅम. त्यासाठी लागणारे पाणी ८० घनकिलोमीटर भरते. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला तर त्यात २.८ घनकिलोमीटर पाणी मावते. म्हणजे असे अठ्ठावीस-एकोणतीस जलाशय त्या मीटरभर फटीतून वाहून गेले पाहिजेत. दहाचा आकडा आपण धरलेला आहे. तो बदलला तर उत्तर बदलेल. पण एवढे पाणी एकाच वाटेने का गेले, हा प्रश्न मात्र उरतोच.

ती वाट म्हणजे कर्तनपट्टा. दोन शिलाखंड एकमेकांना घासत सरकतात, तेव्हा मधला खडक चिरडून पानापानांचा होतो. खालून आलेले पाणी या कमकुवत पट्ट्यात शिरते, पण ते सहज वर जाऊ शकत नाही. वरची भेग क्वार्ट्झने बुजलेली असते. दहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे २६०० वातावरणांइतका असतो. अडलेल्या पाण्याचा दाब वाढत त्याच्या बरोबरीला येतो. दाबाखालचे पाणी खडकांना किंचित अलग ढकलते, घर्षण घटते आणि भेग सरकते. हाच भूकंप. कोयनेच्या १९६७ सालच्या भूकंपाच्या चर्चेतही भेगांतल्या पाण्याचा दाब हा मुद्दा येतो, तो याच कारणाने.

भेग उघडली की पाणी जोराने वर धावते आणि दाब एकदम उतरतो. प्रेशर कुकरची शिटी उडावी तसे हे होते. दाब उतरल्यावर विरघळलेली सिलिका पाण्यात मावत नाही. ती क्वार्ट्झच्या रूपात भिंतींवर बसते आणि वाट पुन्हा बुजते. मग पुन्हा दाब चढू लागतो. चॅम्पियन शिरेतला क्वार्ट्झ जाड गोळ्यासारखा नसून त्यात बारीक काळसर रेघांचे पट्टे आहेत, त्याचे कारण हेच. रेघा म्हणजे भिंतीचे सोललेले पापुद्रे. शीर एका दमात भरली नाही, ती पुनःपुन्हा फाटली आणि सांधली.

आणि सोने? ते दोन प्रकारे सुटते. दाब पडला की सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखे द्रावणातले वायू वेगळे होतात. त्यांत कार्बन डायऑक्साइडबरोबर हायड्रोजन सल्फाइडही निघून जातो आणि सोन्याचा आधार जातो. ते क्वार्ट्झमध्ये कणाकणाने मोकळे बसते. दुसऱ्या प्रकारात पाणी भिंतीच्या खडकात झिरपते. बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते. ते गंधक ओढून घेते, सल्फाइड खनिजे तयार होतात आणि सोने त्यांच्यातच अडकते. कोलारला दोन्ही नमुने शेजारी-शेजारी आहेत. चॅम्पियन शिरेत मोकळे सोने, तर तिच्या पश्चिमेकडील शिरांत सल्फाइडांबरोबरचे.

तरीही एक अडचण राहते. द्रावण इतके पातळ, मग मोठे गोळे कसे बनतात? क्वार्ट्झवर दाब पडला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते ती याच गुणधर्माने, जरी तिथले स्फटिक वेगळे असतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली सोन्याच्या द्रावणात क्वार्ट्झ ठेवून त्याला भूकंपासारखे हादरे दिले, तेव्हा त्यावर सोने जमलेले दिसले. आधीचा कण विद्युतवाहक असल्याने पुढचे सोने त्याच्यावरच चढते. खऱ्या शिरांत याचा वाटा किती, हे अजून ठरायचे आहे.

पाणी किती गरम होते, हे क्वार्ट्झच सांगतो. स्फटिक वाढताना त्यात द्रावणाचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात. थंड झाल्यावर थेंब आकसतो आणि त्यात बुडबुडा दिसतो. पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवत नेली की एका तापमानाला बुडबुडा नाहीसा होतो. द्रावण कोंडले गेले तेव्हाचे तापमान निदान तितके तरी होते. अशा शिरांत ते बहुधा ३०० अंशांच्या पुढे-मागे येते.

मुले पुष्कळदा सह्याद्रीतली गारगोटी घेऊन येतात आणि यात सोने असेल का, असे विचारतात. आपलाही खडक बेसाल्टच, लोहही भरपूर. पण दख्खनचा बेसाल्ट अवघा साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तो दहा किलोमीटर खोल कधी गाडला गेला नाही आणि भूखंडांच्या चेपणीत सापडला नाही. त्यातली गारगोटी लाव्ह्यातल्या पोकळ्यांमध्ये बऱ्याच कमी तापमानाच्या पाण्यातून सावकाश जमली. ती फोडून पाहिली तर त्या काळ्या रेघांचे पट्टे दिसत नाहीत.