शोधता शोधता बदलणारा प्रश्न

लेखांक ५

शोधयंत्र पानांना क्रम कसा लावतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज शोधणाऱ्या माणसाकडे वळू. चौकटीत शब्द टाइप करणारी दोन माणसं वरून सारखीच दिसतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी असू शकतात.

एकाला इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ ग्रंथालयाच्या सूचीत हवं आहे. पुस्तक कोणतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. उत्तर एकच आहे आणि दिसताक्षणी ते ओळखू येईल. याला ज्ञात वस्तूचा शोध म्हणू. तो फसला तर बहुधा अक्षरांवर फसतो. सूचीत ‘युगान्त’ असेल आणि आपण ‘युगांत’ टाइप केलं, तर साध्या सूचीला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि पुस्तक नाही असं उत्तर येतं. पण पुस्तक अस्तित्वात आहे हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे ते सापडलं नाही हेही लगेच कळतं, आणि आपण दुसऱ्या प्रकारे लिहून पाहतो.

दुसऱ्या प्रकारच्या शोधात असा आधार नसतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे. पावसाळ्यात त्याची कोवळी पानं आकसायला लागली. काकू फोन घेऊन बसल्या, मी शेजारी होतो. त्यांनी पहिल्यांदा टाइप केलं : ‘लिंबाची पाने वाकडी फवारणी’.

या चार शब्दांत ‘फवारणी’ हा शब्द प्रश्नाचा भागच नाही. ते काकूंनी आधीच धरून चाललेलं उत्तर आहे. यंत्राने तो शब्द इमानेइतबारे पाळला आणि औषधांची पानंच्या पानं समोर आणली. कुठे मावा म्हटलं होतं, कुठे सूक्ष्म अन्नद्रव्यांची कमतरता, कुठे पाण्याचा ताण. ग्रंथपालनशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली नेमकी हीच गोष्ट मांडली होती. माणसाच्या मनात आधी नुसती अस्वस्थता असते. मग ती अंधूकपणे जाणवते, मग तिचा नीट प्रश्न होतो, आणि शेवटी समोरच्या व्यवस्थेला समजेल असं वाटून तो प्रश्न कापून-छाटून विचारला जातो. ग्रंथालयाच्या खिडकीशी येतो तो हा छाटलेला प्रश्न. जाणता ग्रंथपाल त्याला उत्तर देण्याआधी उलट विचारतो, ‘हे तुम्हाला कशासाठी हवंय?’ शोधाच्या चौकटीजवळ असं विचारणारं कोणी बसलेलं नसतं.

काकूंनी फवारणी बाजूला ठेवली आणि जे डोळ्यांना दिसत होतं तेच लिहिलं : ‘लिंबाच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा’. हा बदल फार मोलाचा होता. आता आलेल्या पानांवर त्यांच्या झाडासारखीच चित्रं होती आणि एक नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं : नागअळी. हे नाव त्यांना आधी माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्या शोधात ते येणं शक्यच नव्हतं. एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनाने शब्द देतात, तेव्हा तोच शब्द निवडला जाण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी असते, असं जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं आहे. म्हणून शोधाच्या सुरुवातीला खरी मिळकत उत्तराची नसते. जाणकार ज्या नावाने ती गोष्ट ओळखतात ते नाव हाती लागणं, ही असते.

तिसऱ्यांदा लिहिलं, ‘लिंबू नागअळी’. आता वाचन स्थिरावलं. एक अगदी लहान पतंग कोवळ्या पानावर अंडी घालतो. अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली राहून आत पोखरत जाते, तिचा मार्ग चंदेरी रेषेसारखा दिसतो. पुढे ती पानाची कड दुमडून कोषात जाते. पान एकदा जून झालं की तिचं फारसं चालत नाही. हे वाचताना काकूंच्या प्रश्नाने कूस बदलली. आकसलेली पानं औषधाने सरळ होणार नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. जुन्या झाडाला तेवढ्याने फारसं बिघडत नाही, हेही. ‘काय फवारू?’ याच्या जागी ‘काही करायला हवं का?’ असा प्रश्न आला.

अमेरिकी अभ्यासक मार्शिया बेट्स यांनी १९८९ साली या साऱ्याचं वर्णन रानात बोरंकरवंदं वेचण्यासारखं केलं. झुडपाला घोस नसतो. दोन इथे, चार तिथे असं वेचत जावं लागतं, आणि जे हाती येतं त्यावरून पुढे कुठल्या झुडपाकडे जायचं ते ठरतं. त्यांच्या म्हणण्यातला कळीचा भाग मला हा वाटतो, की वेचताना प्रश्न नुसता धारदार होत नाही, तो बदलतोच. त्या काळच्या शोधपद्धतींमध्ये प्रश्न एकच आणि त्याला जुळणारा कागदपत्रांचा संच एकच, असं गृहीत धरलं जाई.

नागअळीच्या एका लेखात जाता जाता उल्लेख होता, की अळीने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात, आणि कागदी लिंबू त्याला सहज बळी पडतं. काकू फोन ठेवून झाडाजवळ गेल्या. काही पानांवर उंचवटलेले, बुचासारखे खरखरीत ठिपके होते आणि त्यांच्याभोवती पिवळी वलयं. ही माहिती मागायचं त्यांना सुचलंही नसतं. पुढचे दोन शोध खैऱ्यावर झाले : तो पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने कसा पसरतो, रोगट फांद्या केव्हा छाटाव्यात. आता प्रश्न झाडाच्या नव्या पालवीच्या वेळापत्रकावर येऊन ठेपला होता, कारण अळीला आणि रोगाला, दोघांनाही कोवळी पालवीच हवी असते.

अशा शोधाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे तो गुपचूप फसतो. ‘युगान्त’ नाही मिळालं तर कळतं. खैऱ्याचा तो उल्लेख वाचायचा राहिला असता तर काही राहिलं हे काकूंना कधी कळलंच नसतं, उलट काम झाल्याचं समाधान मिळालं असतं. फसण्याची वाट ओळखायची खूण मात्र आहे. चौथ्या-पाचव्या शोधातही आपलेच पहिले शब्द असतील आणि त्यांना नुसती जोड दिली असेल, तर वाचलेल्यातून आपण काही घेतलेलं नाही. शब्द वाढवत नेण्यापेक्षा मिळालेल्या शब्दाने आधीचा शब्द बदलावा. आणि थांबायची वेळ? नवी पानं उघडूनही पुढच्या शोधात घालण्याजोगं काही मिळेनासं झालं, तीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू यायला लागली, की थांबायला हरकत नाही. तेव्हाही ती पानं एकमेकांची नक्कल नाहीत ना, एवढं पाहावं. शेतीच्या सल्ल्यांमध्ये एकच मजकूर दहा ठिकाणी उतरवलेला सापडतो, आणि तो दहा जणांचा दुजोरा नसतो.

शेवटचा शोध पुन्हा पहिल्या प्रकारचा झाला. लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात आहे हे वाचनात आलं होतं. काकूंनी तिचं नाव टाकलं आणि पहिल्याच ओळीत तिचं संकेतस्थळ आलं. काय हवं ते आता माहीत होतं.