मध्यंतर आलं तरी गोष्ट हलेना!

सुमारे १२० पानांच्या पटकथेत दुसरा अंक साधारण तिसाव्या पानापासून नव्वदाव्या पानापर्यंत चालतो, आणि कथा ढेपाळते ती बहुधा इथेच. ओळखायची खूण सोपी आहे. दोन प्रसंगांची अदलाबदल करून पाहावी. काहीच बिघडलं नाही, तर ते प्रसंग ‘आणि मग’ने जोडलेले आहेत; तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ हवं.

आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ (२००१) पाहा. पैज लागल्यावर एकेक खेळाडू संघात येत जातो. असे प्रसंग लागोपाठ आले की हमखास कंटाळा येतो. पण कचऱ्याच्या हातून चेंडू वळतो, भुवन हरखतो आणि त्याच क्षणी गावकरी अस्पृश्यासोबत खेळायला नकार देतात. हाती लागलेल्या लाभातूनच संघ फुटायची वेळ येते. याला खरी कलाटणी म्हणतात. बाहेरून अचानक आणलेलं संकट इतकं खोल जात नाही.

पणाला लागलेली गोष्ट वाढवायची म्हणजे नुसता तिप्पट लगानाचा आकडा फुगवायचा नाही. लाखा गौरीवरच्या प्रेमापोटी, मत्सराने इंग्रजांना फितूर होतो. धोका घरात शिरतो. प्रेक्षकांना तो आधीच कळलेला असतो, भुवनला नसतो, म्हणून सरावाचे साधे प्रसंगही ताणले जातात.

तुमची पटकथा अडली असेल, तर नवा प्रसंग लिहिण्याआधी नायकाच्या शेवटच्या यशाकडे परत जा आणि त्याची किंमत कोण मोजतं ते लिहा.