दोन पर्याय, एक कागद

सांगलीजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा तिशीतला एक मुलगा. बायको, दोन वर्षांची मुलगी, डोक्यावर चौदा लाखांचं घराचं कर्ज. वर्षाला पन्नास हजार रुपये बाजूला टाकायची तयारी. एकाने त्याला सांगितलं, ‘एंडोमेंट घे, दहा लाख भरशील, अठरा लाख मिळतील.’ ऑफिसमधला मित्र म्हणाला, ‘वेडा आहेस का, एक कोटीचा टर्म घे आणि उरलेले गुंतव.’ मुलगा गोंधळला आणि माझ्या ओळखीच्या एका एजंटबाईंकडे गेला. तिथे त्याला पॉलिसीआधी एक कागद मिळाला.

बाईंकडे येणाऱ्या माणसाला हवी असते तुलना, आणि बहुतेक ठिकाणी तुलना म्हणून त्याच्या हाती पडते ती जाहिरात. वरची दोन्ही वाक्यं खोटी नाहीत, ही त्यातली खरी अडचण आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीची एक बाजू पक्की धरली आहे आणि दुसरी मोकळी सोडली आहे.

आधी एंडोमेंटचं गणित पाहू. हे आकडे समजण्यापुरते गोल केलेले आहेत. खरा हप्ता वय, तब्येत आणि कंपनीप्रमाणे बदलतो. दहा लाख विमा रक्कम, वीस वर्षांची मुदत, वर्षाला पन्नास हजार हप्ता. कंपनी दरवर्षी बोनस जाहीर करते तो हजारी असतो. समजा हजारी चाळीस रुपये. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला चाळीस हजार, वीस वर्षांत आठ लाख. मूळ दहा आणि हे आठ, झाले अठरा.

इथे बहुतेक लोक दोन ठिकाणी फसतात. पहिली चूक म्हणजे चाळीस हजारांचा बोनस हे व्याज समजणं. तो पॉलिसीच्या खात्यात नोंदला जातो, हातात येत नाही, आणि साध्या पद्धतीच्या बोनसवर पुढे बोनसही मिळत नाही. पहिल्या वर्षी नोंदलेले चाळीस हजार विसाव्या वर्षीही चाळीस हजारच असतात. दुसरी चूक म्हणजे ‘दहाचे अठरा’ हा हिशेब. सगळे दहा लाख काही पहिल्या दिवशी भरलेले नसतात. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा फक्त एक वर्ष. प्रत्येक हप्त्याचा काळ धरून हिशेब केला तर परतावा निघतो वर्षाला सुमारे ५.३ टक्के. हा आकडा वाईट नाही आणि थोरही नाही. पण ‘ऐंशी टक्के फायदा’ या वाक्यातून तो कधीच दिसत नाही.

कंपनी देते त्या लाभाच्या तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ग्राहक ८ वर बोट ठेवतो आणि ‘एवढं व्याज मिळणार’ असं घरी सांगतो. वास्तविक ते दर कंपनीच्या गुंतवणुकीवरच्या परताव्याचं गृहीतक आहेत. त्यातून विम्याचा खर्च, कमिशन, कारभार वजा झाल्यावर उरतं ते ग्राहकाचं. दोन्ही रकाने अंदाज आहेत, हमी नव्हे. बाईंच्या कागदावर हे दोन वाक्यांत, आकड्यांच्या अगदी शेजारी लिहिलेलं असतं. बारीक अक्षरांत तळाला लिहिलं तर ते लिहून उपयोग नाही, असं त्या म्हणतात.

आता मित्राचा सल्ला. एक कोटीच्या टर्मचा हप्ता समजा वर्षाला बारा हजार. उरले अडतीस हजार. ते कुठे टाकायचे? मित्र म्हणेल म्युच्युअल फंडात, बारा-पंधरा टक्क्यांनी. इथे बाई पेन खाली ठेवतात. ज्या पैशाची रक्कम बऱ्यापैकी ठरलेली आहे त्याची तुलना शेअर बाजाराच्या स्वप्नाशी करायची नाही. तुलना करायची तर जोखीम सारखी असलेल्या वस्तूशी. म्हणून त्या पीपीएफ घेतात. सरकारी योजना, एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के. दर तिमाहीला तो बदलू शकतो, हेही कागदावर असतंच. खातं पंधरा वर्षांचं असतं, पुढे पाच वर्षांनी वाढवता येतं, म्हणजे वीस वर्षं जुळतात.

अडतीस हजार दरवर्षी, वीस वर्षं, ७.१ टक्क्यांनी: सुमारे १६ लाख ८७ हजार. एंडोमेंटचे अठरा लाख. म्हणजे मुलगा धडधाकट राहिला तर एंडोमेंटने त्याला लाखभर रुपये जास्तच दिले! टर्मचा प्रचार करणारे हा रकाना सहसा दाखवत नाहीत.

पण हीसुद्धा अर्धीच तुलना आहे. एका बाजूला दहा लाखांचं संरक्षण, दुसऱ्या बाजूला एक कोटीचं. दहापट विमा विकत घेतला तर त्याचे पैसे कुठून तरी जाणारच. मग विमा पन्नास लाखांचा धरा, हप्ता समजा साडेसात हजार. उरलेले साडेबेचाळीस हजार पीपीएफमध्ये वीस वर्षांत होतात सुमारे १८ लाख ८६ हजार. म्हणजे एंडोमेंटपेक्षा पाऊण लाखाहून जास्त हातात येतात, आणि वर विमा पाचपट. विमा अगदी दहा लाखांचाच ठेवला तर बचत आणखी वाढेल. मात्र अनेक कंपन्यांच्या नेहमीच्या टर्म योजना एवढ्या लहान रकमेच्या नसतात, म्हणून तो रकाना बाई गाळतात.

मला या कागदातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. तुम्ही काय सारखं धरलं यावर जिंकणारा बदलतो. एजंटला एखादी पॉलिसी जिंकवायची असेल तर खोटं बोलायची गरजच नाही. फक्त सोयीची गोष्ट सारखी धरायची आणि ती धरली आहे हे सांगायचं नाही. विमा नियामकांच्या जाहिरात नियमांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या यादीत हा प्रकार आहे: तुलनेस योग्य नसलेल्या वस्तूंशी अन्याय्य किंवा अपुरी तुलना. शिवाय एजंटने ठरावीक पॉलिसीचे लाभ किंवा खर्च मांडणारी स्वतःची जाहिरात काढली तर ती आधी कंपनीकडून लेखी मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून बाईंचा कागद आधी शाखेत जातो, मगच ग्राहकाकडे. तिथे कधी कधी महिना जातो. त्या वैतागतात, पण पाठवतात.

मुदत पूर्ण झाल्यावरचे आकडे एवढे. विमा मात्र मुदत पूर्ण न झाल्यासाठी असतो, म्हणून दुसरा प्रश्न: सहा हप्ते भरल्यावर माणूस गेला तर? एंडोमेंटमध्ये दहा लाख आणि सहा वर्षांचा बोनस दोन लाख चाळीस हजार, मिळून १२ लाख ४० हजार. कर्जाची बाकी फेडली की हातात फारसं काही उरत नाही. पन्नास लाखांच्या टर्ममध्ये पन्नास लाख आणि पीपीएफमधले सुमारे सव्वातीन लाख. चौदा लाखांचं कर्ज असलेल्या घरात हा फरक डोळ्यांत भरतो. ज्याच्यावर कर्ज नाही, अवलंबून कोणी नाही, त्याच्या कागदावर हाच रकाना एवढा बोलणार नाही.

तिसरा प्रश्न लोकांना आवडत नाही: मध्येच हप्ते थांबले तर? नोकरी जाते, घरात आजारपण येतं. टर्मचा हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवस संपले की संरक्षण गेलं, भरलेलं काही परत नाही. एंडोमेंट सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केली तर भरलेल्यापेक्षा कमीच मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही काही रक्कम परत मिळायची सोय झाली, पण तोटा संपलेला नाही. पीपीएफमध्ये एखाद्या वर्षी किमान पाचशेच भरले तरी खातं चालू राहतं. मात्र पैसे चटकन काढता येत नाहीत. थोडी रक्कम सातव्या आर्थिक वर्षापासून.

एंडोमेंटची खरी बाजू इथेच आहे आणि ती प्रामाणिकपणे लिहावी लागते. हप्ता चुकला की नुकसान होतं, या धाकाने माणूस वीस वर्षं भरत राहतो. पीपीएफच्या साडेबेचाळीस हजारांमागे कोणी लागत नाही. पहिल्या वर्षी भरतो, दुसऱ्या वर्षी भरतो, तिसऱ्या वर्षी मोटारसायकल येते. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला ५.३ टक्के हे शून्यापेक्षा बरेच. ‘ऑफिसमधल्या मित्राने हे कधी सांगितलं नाही,’ मुलगा म्हणाला.

कागद जुना झालेला ओळखायची एक सोपी खूण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला. त्याआधी टर्मच्या हप्त्यावर १८ टक्के लागायचा, एंडोमेंटवर त्याहून पुष्कळ कमी. जुने आकडे तसेच फिरवले तर टर्म उगाच महाग दिसतो. म्हणून बाई वर तारीख घालतात आणि हप्ता करासह की कराविना, तेही लिहितात.

शेवटची ओळ मला आधी पटली नव्हती. ‘यात मला किती मिळतं.’ कमिशनचे दर २०२३ पासून प्रत्येक कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, त्यामुळे सरसकट आकडा सांगता येत नाही. समजा एंडोमेंटवर पहिल्या वर्षी २५ टक्के असेल, तर पन्नास हजारांवर साडेबारा हजार. टर्मवर अगदी ४० टक्के धरले तरी साडेसात हजारांवर तीन हजार. पीपीएफवर एजंटला काहीच नाही. हे लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, ‘मी काय सुचवते ते बघताना मला काय मिळतं तेही त्याला दिसलं पाहिजे ना? नाहीतर तो कागदावर का विश्वास ठेवेल?’ सवलत म्हणून कमिशनचा हिस्सा मागणारेही भेटतात. तेव्हा १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ त्यांच्या मदतीला येतं, तशी सूट देणं आणि घेणं दोन्ही मना आहे.

मुलाने पन्नास लाखांचा टर्म घेतला. प्रपोजल फॉर्ममध्ये तंबाखूची सवय लपवायची नाही, हे बाईंनी त्याला दोनदा बजावलं. ती कबूल केल्यावर हप्ता वाढला आणि कागदावरचा साडेसात हजारांचा आकडा त्यांनी खोडून दुरुस्त केला. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत नको वाटली तर परत करता येते, तेही सांगितलं. वडिलांचा मात्र शेवटपर्यंत हट्ट होता की भरलेलं परत मिळालं पाहिजे. म्हणून एक लहान एंडोमेंटही घेतली. कागदावरच्या हिशेबाने ती घ्यायला नको होती, हेही बाईंनी त्यांना सांगितलं. उरलेले पैसे पीपीएफला. दर महिन्याच्या पाच तारखेनंतर भरलेल्या पैशावर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, म्हणून वर्षाची रक्कम पाच एप्रिलच्या आत टाकायची असं ठरलं.

तीन एप्रिलला बाईंनी त्याला फोन केला. पैसे अजून भरलेले नव्हते.