एक अक्षर सरकले आणि कलम निकामी झाले

अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला १० ते २० वर्षे सक्तमजुरी. एनडीपीएस या १९८५च्या कायद्यातले कलम २७-अ इतके कठोर आहे. हे कलम २०१४ ते २०२१ या काळात शब्दशः वाचले, तर कोणत्याच गुन्ह्याला लागू होत नव्हते. ना ते कोणी रद्द केले होते, ना त्यातला एखादा शब्द कोणी बदलला होता.

बदल झाला होता तो दुसऱ्याच पानावर. कलम २ मध्ये व्याख्या आहेत. त्यातल्या एका खंडात, सोयीसाठी त्याला ‘८-अ’ म्हणू, ‘अवैध व्यापार’ म्हणजे काय ते पाच उपखंडांत सांगितले होते. लागवड, निर्मिती, बाळगणे, विक्री, वाहतूक, त्यासाठी जागा देणे वगैरे. कलम २७-अ ही यादी पुन्हा देत नव्हते. ‘कलम २, खंड ८-अ, उपखंड १ ते ५ मधील कृत्यांना पैसा पुरवणे’ एवढेच ते म्हणत होते.

मॉर्फीनसारखी वेदनाशामके रुग्णांना सहज मिळावीत म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. हेतू उत्तम होता. त्यासाठी ‘अत्यावश्यक अमली औषध’ ही नवी व्याख्या आली आणि तिला ८-अ हा क्रमांक मिळाला. जुनी ‘अवैध व्यापारा’ची व्याख्या एक घर पुढे सरकून ८-ब झाली. कलम २७-अ मात्र ८-अ कडेच बोट दाखवत राहिले. तिथे आता औषधाची व्याख्या होती आणि तिला उपखंडच नव्हते.

त्रिपुरातल्या एका आरोपीने जामीन मागताना नेमके हेच न्यायालयासमोर मांडले. प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेले आणि २०२१च्या जूनमध्ये न्यायालयाने केंद्राला कायदा दुरुस्त करायला सांगितले. सप्टेंबरअखेर अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये संसदेने विधेयक मंजूर केले. दुरुस्ती होती ती ‘८-अ’च्या जागी ‘८-ब’ एवढीच, पण १ मे २०१४ पासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने. फौजदारी कायदा मागील तारखेपासून लावता येतो का, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०च्या अंगाने जाणारा प्रश्न त्यामुळेच संसदेत विचारला गेला.

ही चूक टाळणे अवघड नव्हते. जुन्या व्याख्येला हात न लावता नव्या व्याख्येला ८-ब म्हटले असते, तर व्याख्यांचा वर्णक्रम थोडा बिघडला असता, बाकी काही नाही. एकदा दिलेला क्रमांक हलवायचा नाही, हा या कामातला पहिला नियम आहे. आपली राज्यघटना तो बऱ्याच अंशी पाळते. शंभरावर दुरुस्त्या होऊनही तिचा शेवटचा अनुच्छेद आजही ३९५ आहे. शिक्षणाचा हक्क २१ आणि २२ यांच्या मधे २१-अ होऊन बसला. मालमत्तेचा मूलभूत हक्क ४४व्या दुरुस्तीने वगळला, तेव्हा ३१ हा क्रमांक रिकामा ठेवला गेला; ३२ चा ३१ झाला नाही. अपवादही आहे. १९५६ साली रिकामा झालेला २४३ हा क्रमांक ७३व्या दुरुस्तीने पंचायतींना दिला. त्यामुळे जुन्या निकालात ‘अनुच्छेद २४३’ दिसला, तर आधी निकालाचे साल पाहावे लागते.

दुसरा उपाय आहे नावाने निर्देश करण्याचा. २७-अ मध्ये खंडाच्या क्रमांकाऐवजी ‘अवैध व्यापार’ हीच संज्ञा असती, तर व्याख्या कुठेही सरकली तरी अर्थ शाबूत राहिला असता. ब्रिटनच्या कायद्यांत व्याख्यांना बहुधा क्रमांकच नसतात. शब्द वर्णक्रमाने शोधायचा. दोन्ही वापरायचे असतील तर ‘कलम १४ (थकबाकीवरील व्याज)’ असे लिहावे. क्रमांक आणि नाव जुळेनासे झाले, की वाचणाऱ्याला चूक लगेच दिसते.

सोसायटीची उपविधी किंवा कंपनीचे सेवानियम संगणकावर लिहिणाऱ्यांना वाटते, की वर्डमधला स्वयंचलित क्रमांक हे सगळे सांभाळेल. दस्तऐवजाच्या आतले निर्देश Cross-reference वापरून घातले असतील, तर Ctrl+A आणि मग F9 दाबल्यावर ते खरेच सुधारतात. मूळ कलम काढून टाकले असेल, तर तिथे `Error! Reference source not found.` असे उमटते. पण हाताने टाइप केलेला ‘कलम १४’ तसाच राहतो आणि नवे कलम १४ भलत्याच विषयाचे असले तरी संगणक काही बोलत नाही. शिवाय जुनी इतिवृत्ते, करार आणि सदस्यांना पाठवलेल्या नोटिसा त्या फाइलच्या बाहेर असतात. आतले क्रमांक आपोआप सरकले, तर बाहेरचे सगळे निर्देश चुकतात. म्हणून नियमावली एकदा मंजूर झाली, की तिचे स्वयंचलित क्रमांक साध्या मजकुरात बदलून गोठवावेत आणि वगळलेल्या कलमाच्या जागी ‘वगळले’ हा शब्द व ठरावाची तारीख ठेवावी.

दुरुस्तीचा ठराव मांडण्याआधी ज्या कलमाला हात लागणार आहे, त्याचा क्रमांक आणि नाव संपूर्ण नियमावलीत आणि तिच्यावर आधारलेल्या परिपत्रकांत शोधावे. सापडलेला प्रत्येक निर्देश उघडून वाचावा आणि त्यातले बदल त्याच ठरावात घालावेत.