गरम पाण्याची टाकी कोमटच का ठेवू नये?

हॉटेल-इस्पितळांत ‘अंघोळीला ४५ अंश पुरतात, मग टाकी ६० वर कशाला?’ असं अनेकांना वाटतं. पण दूध कोमट असतानाच विरजण लागतं. लिजिओनेला (फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करणारा जिवाणू) साधारण २० ते ४५ अंशांत असाच वाढतो आणि ६० अंशांना काही मिनिटांत मरू लागतो.

टाकी तापवून मात्र भागत नाही. नळीत थांबलेलं पाणी निवतं. म्हणून पुनर्भ्रमण वळसा (पंपाने पाणी सतत टाकीकडे परत आणणारी नळी) हवा. तो केवळ सोयीसाठी नसतो. परतीचं पाणी किमान ५० अंश असावं. ६० ने निघून ४३ ने परतलं, तर पंप, झडपांचं संतुलन आणि नळीचं उष्णतारोधक वेष्टन तपासा. भाजू नये म्हणून थंड पाणी मिसळणारी झडप नळाजवळच बसवावी.