खिडकीचा नव्हे, पडद्याचा फोटो

समजा, महिन्याच्या डब्यांचा हिशेब ठेवणारं एक छोटं अ‍ॅप तयार झालंय आणि ते गुगल प्लेवर चढवायचंय. तिथे किमान दोन स्क्रीनशॉट द्यावे लागतात. अ‍ॅप लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे खिडकीत चालणाऱ्या नकली फोनमध्ये, उघडलेलं असतंच. मग बरेच जण लॅपटॉपचंच स्क्रीनशॉटचं बटण दाबून मोकळे होतात आणि माप तिथेच चुकतं. नकली फोनचा पडदा १०८० बाय २४०० पिक्सेलचा असला, तरी लॅपटॉपवर एवढी उंची मावत नाही, म्हणून खिडकी तो लहान करून दाखवते. आपल्या हाती येते ती लहान झालेली प्रत, भलत्याच मापाची.

मूळ पिक्सेल हवे असतील तर चित्र फोनच्या आतूनच मागवायला हवं. एम्युलेटरच्या पट्टीतलं कॅमेऱ्याचं बटण तेच करतं. टर्मिनलची सवय असणाऱ्यांसाठी ही आज्ञा:

```
adb exec-out screencap -p > daba.png
```

आता खिडकी काडेपेटीएवढी केली तरी चित्र १०८० बाय २४००चंच येतं.

पण प्लेला तेही चालत नाही. चित्राची प्रत्येक बाजू ३२० ते ३८४० पिक्सेलच्या दरम्यान हवी आणि लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीपेक्षा मोठी नको, असा नियम आहे. २४०० भागिले १०८० म्हणजे २.२२, हल्लीचे उंच फोन या नियमात बसतच नाहीत. खालून २४० पिक्सेल कापावेत, तर ‘आजचा डबा नोंदवा’ हे बटणच जातं. उंची दाबून बसवावी, तर अक्षरं बुटकी दिसतात. त्यापेक्षा नकली फोनच बदलावा. अँड्रॉइड स्टुडिओच्या यादीत पिक्सेल २ असतो, त्याचा पडदा १०८० बाय १९२०. त्यावर अ‍ॅप स्वतःच आपली मांडणी नव्याने करून घेतं आणि बटणही जागेवर राहतं.

माप जुळल्यावर उरते ती पारदर्शकता, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. प्लेला पीएनजी २४ बिटांची लागते, तर screencap बहुधा पारदर्शकतेच्या थरासकट ३२ बिटांची देतं. विंडोजमध्ये फाइलच्या गुणधर्मांत ‘Bit depth’ पाहिलं की उलगडा होतो. इमेजमॅजिक असेल तर तो थर असा काढता येतो:

```
magick daba.png -alpha off PNG24:final.png
```

आयफोनचं अ‍ॅप असेल तर अ‍ॅपल जास्तच काटेकोर. तिथे मर्यादा नसतात, ठरलेली मापंच असतात, उदाहरणार्थ १२९० बाय २७९६. एक पिक्सेल कमी-जास्त झाला तरी चित्र परत येतं. मात्र एक्सकोडच्या सिम्युलेटरमध्ये त्या मापाचा फोन निवडून कमांड आणि एस दाबलं, की खिडकी लहान असली तरी नेमकं तेच माप जतन होतं.