गल्ल्यावरूनच ठरणारा कर

किराणा दुकानाची वर्षाची उलाढाल ६० लाख धरू: ४० लाख यूपीआय-बँकेतून, २० लाख रोख. अनुमानित करपद्धतीत पहिल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा गृहीत धरतात. म्हणजे २.४० अधिक १.६० लाख, एकूण ४ लाख उत्पन्न. खर्चाच्या वह्या नकोत, ऑडिट नको. आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

डॉक्टर-वकिलांच्या जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न मानतात. भाडे, पगार वेगळे वजा होत नाहीत, म्हणून मोठ्या खर्चाच्या दवाखान्याला हा सौदा महागच.

खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवावा. दुकानदाराने पाच वर्षांच्या आत पद्धत सोडली, तर पुढची पाच वर्षे ती बंद. निवडण्यापूर्वी आपला खरा नफा एकदा मांडून पाहा.